उसनं सोनं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना मध्ये विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं ओघात घातली आहेत.)



जेवण झाल्यावर बोलायला उभं केलंत, म्हणजे तुम्हाला माझ्याबद्दल फार आशा नाही हे दिसतंच आहे. तरी प्रयत्न करतो. आपल्या ग्रुपवर दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी एक बातमी टाकली होती, की सराफांना बँका पैशांऐवजी सोनंच कर्जाऊ देतात. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "हे खरं आहे का? मग फेडताना काय देता, बांगड्या?" म्हणून संयोजकांनी मला हाच विषय दिला. मी घाऊक दागिने करणारा माणूस. मंगळसूत्राच्या वाट्या, डोरली, पाटल्या करतो आणि छोट्या गावांतल्या दुकानदारांना देतो. गेली पंधरा-सोळा वर्षं मी बँकेकडून सोनं उसनं घेतो आहे. त्यात एकदा चांगलाच आपटलो, तेही सांगणार आहे. त्या वेळी ज्यांनी मला पैसे दिले ते दोघं तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आपल्यातल्या निम्म्या जणांची घरं शेतकऱ्यांची. त्यांना हे समजायला एक मिनिट लागेल. पेरणीला बियाणं नसलं की शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी आणायची आणि सुगीला सवाईने परत करायची, म्हणजे पायलीला सव्वा पायली. मधल्या काळात बाजारात ज्वारी महाग झाली की स्वस्त, याचा त्या हिशेबाशी संबंध नसे. देणं ज्वारीचं, फेड ज्वारीची. मेटल लोन म्हणजे तेच. बँक मला एक किलोचा बार देते, शुद्धता 995, म्हणजे हजारात 995 भाग सोनं. माझ्या नावावर कर्ज लिहिलं जातं ते रुपयांत नाही, एक हजार ग्रॅम असं. तो बार मला तसाच विकता येत नाही. त्याचे दागिनेच करायचे, ही अट. मुदत माझ्या करारात 180 दिवस. निर्यात करणाऱ्यांना ती जास्त असे.

आता व्याज. 2011 साली मी पहिल्यांदा हे कर्ज घेतलं, तेव्हा दहा ग्रॅमचा भाव सुमारे 22,000 रुपये होता. म्हणजे एक किलो सोनं 22 लाखांचं. हे 22 लाख मी बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून काढून सोनं विकत घेतलं असतं तर मला 13 टक्के व्याज पडत होतं, महिन्याला जवळजवळ 24,000. तेच सोनं उसनं घेतलं तर 4 टक्के, म्हणजे महिन्याला साधारण 7,300. बँक गॅरंटीचं कमिशन वेगळं, पण ते धरूनही फरक मोठा होता.

गणिताच्या सरांनी चहाच्या वेळी मला लगेच अडवलं. "इतकं स्वस्त का? बँक काय तुझी आत्या आहे?" सरांचा प्रश्न बरोबर आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. सोनं तिजोरीत पडून राहिलं तर मालकाला काहीच मिळत नाही. जगातल्या मध्यवर्ती बँका आणि लंडनचे मोठे सोनेव्यापारी ते सोनं थोड्या भाड्याने देतात. ते भाडं आणि वर आपल्या बँकेचा नफा, एवढंच माझं व्याज. दुसरी गोष्ट, रुपयाचं कर्ज फेडताना रुपयाची किंमत बहुधा उतरलेली असते, त्यामुळे रुपया देणारा जास्त व्याज मागतो. सोनं देणाऱ्याला ती भीती नाही, कारण त्याला सोनंच परत मिळणार. म्हणजे व्याज स्वस्त आहे ते बँकेच्या मायेमुळे नाही. भाव वाढला तर ती वाढ मी सोसायची, हे त्यात धरलेलंच आहे. हे वाक्य मला 2011 च्या जूनमध्ये तोंडपाठ होतं, आणि ऑगस्टमध्ये समजलं.

बँक हे सोनं नुसत्या सहीवर देत नाही. मी ठेव आणि दुसऱ्या बँकेची गॅरंटी मिळून 24 लाख 20 हजारांचं तारण दिलं होतं, म्हणजे सोन्याच्या किमतीच्या 110 टक्के. हे प्रमाण कायम राहिलं पाहिजे. बँक रोज भाव पाहते. भाव चढला की माझं देणं रुपयांत मोठं होतं आणि तारण अपुरं पडतं. मग फोन येतो, "मार्जिन भरा." मुदत एक-दोन दिवसांची. न भरल्यास बँक त्या दिवसाच्या भावाने स्वतःच हिशेब मिटवते आणि तारण वळतं करून घेते.

आणि फेड? तुम्हाला वाटेल मी 180 दिवसांनी बार घेऊन बँकेत जातो. नाही. नेहमीची पद्धत अशी, की मी बँकेला सांगतो, "आज माझ्या कर्जातल्या 100 ग्रॅमचा भाव फिक्स करा." लंडनचा भाव डॉलरमध्ये असतो, एका औंसाचा, आणि हा औंस 31.1035 ग्रॅमचा. त्याला त्या दिवसाच्या डॉलरच्या दराने गुणायचं, आयात शुल्क आणि बँकेचा प्रीमियम मिळवायचा, की 100 ग्रॅमचे रुपये निघतात. ते मी भरतो. बँक त्या पैशांनी तेवढं सोनं घेऊन आपल्या पुरवठादाराचं देणं मिटवते आणि माझ्या नावावर 900 ग्रॅम उरतात. म्हणजे फेड सोन्यातच झाली, फक्त सोनं माझ्या हातातून गेलं नाही. कुठल्या दिवशी फिक्स करायचं ते मुदतीच्या आत मी ठरवायचं. हे स्वातंत्र्य फार गोड वाटतं.

2011 चं आता सांगतो. जूनअखेर बार आणला. वाट्या आणि पाटल्या केल्या. जुलैत त्यातलं 600 ग्रॅम सोनं विकलं गेलं, सरासरी साडेबावीस हजार भावाने. हातात साडेतेरा लाख आले. त्याच दिवशी 600 ग्रॅम फिक्स करून साडेतेरा लाख बँकेत भरायला हवे होते. काम संपलं असतं. मजुरी माझी, फायदा माझा. पण मी विचार केला, आषाढ आहे, लग्नं नाहीत, भाव थोडा खाली येईल, तेव्हा फिक्स करू. मुदत तर डिसेंबरपर्यंत आहे. आणि ते साडेतेरा लाख मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर घातले. कारागिरांना बसायला जागा, नवी तिजोरी, जिन्याला कठडा.

5 ऑगस्टला अमेरिकेचं पतमानांकन एका संस्थेने खाली आणलं. जगभर लोक सोन्याकडे धावले. 22 ऑगस्टच्या सुमारास आपल्याकडे भाव 28,000 च्या घरात गेला. बँकेचा फोन आला. एक किलोची किंमत आता 28 लाख, त्याच्या 110 टक्के म्हणजे 30 लाख 80 हजार. तारण 24 लाख 20 हजार. उद्या संध्याकाळपर्यंत 6 लाख 60 हजार आणा.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण मलाही तेव्हा दिसली नव्हती. घाबरून मी अख्ख्या किलोवर हिशेब करत बसलो होतो, की सहा लाख बुडाले. तसं नव्हतं. माझ्याकडे 400 ग्रॅमचे दागिने कपाटात होते. देणं वाढलं तसे तेही महाग झाले होते. त्या 400 वर मला काहीच तोटा नव्हता. जळत होते ते 600, जे मी विकून टाकले होते पण बँकेकडे फिक्स केले नव्हते. ते सोनं माझ्याकडे नव्हतं आणि देणं मात्र होतं. दुसऱ्याचं सोनं विकून, ते पुढे स्वस्तात घेऊन परत करू, असा सट्टा मी नकळत खेळत होतो. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी सट्ट्याच्या पेढीची पायरी चढलं नाही, आणि मी दुकानात बसून तेच करत होतो.

मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली. उरलेले पैसे तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी दिले, एकाने तर कशाला हवेत हेही विचारलं नाही. मार्जिन भरलं. मग पुढच्या दहा दिवसांत तीन टप्प्यांत 600 ग्रॅम फिक्स केले, सरासरी साडेसत्तावीस हजाराने. साडेसोळा लाख लागले. विकून आले होते साडेतेरा. तीन लाख गेले. त्या 600 ग्रॅमवर माझी सगळी मजुरी धरली तरी ती एक लाखाच्या आत होती. सप्टेंबरच्या शेवटी भाव खाली आला. थांबलो असतो तर तोटा कमी झाला असता, हे मी अजून अधूनमधून मनाशी म्हणतो. पण तोही दुसरा सट्टाच झाला असता.

तेव्हापासून माझ्या गल्ल्यात एक साधी वही असते. डावीकडे बँकेचं देणं ग्रॅममध्ये, उजवीकडे माझ्याकडचं सोनं ग्रॅममध्ये. कपाटातलं, कारागिरांकडचं, मुशीतलं, सगळं 995 च्या हिशेबाने. रुपयाचा आकडा त्या वहीत येत नाही. रात्री दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. उजवी बाजू कमी भरली की तेवढे ग्रॅम दुसऱ्या दिवशी सकाळी फिक्स. भाव चढेल की उतरेल यावर माझं मत कोणी विचारू नका, मी ते स्वतःलाही विचारत नाही.

या वहीत एक ओळ हट्टाने लिहावी लागते, ती घटीची. दागिना करताना कानशीने, घासण्याने, पॉलिशमध्ये सोनं जातं. कारखान्याची धूळ, कारागिरांच्या हातपाय धुतलेल्या पाण्याचा गाळ, चटया, हे सगळं झारेकऱ्याकडे जातं आणि त्यातून बरंच सोनं परत मिळतं. पण सगळं नाही. किलोमागे चार-पाच ग्रॅम हवेतच गेले असं धरा. रोखीने सोनं घेणारा हे खर्चात टाकून विसरतो. मला विसरता येत नाही, कारण बँकेचं देणं पूर्ण 1000 ग्रॅमचंच आहे. हवेत गेलेलं सोनंही मला भाव देऊन परत करायचं असतं.

या वहीचा फायदा 2013 च्या एप्रिलमध्ये दिसला. 12 आणि 15 एप्रिल या दोन व्यवहाराच्या दिवसांत जगात सोनं औंसाला सुमारे 200 डॉलरने कोसळलं. आपल्याकडे जे 29,000 च्या आसपास होतं ते 26,000 च्या खाली आलं. आमच्या पेठेतल्या एका सराफाने कॅश क्रेडिटवर दोन किलो माल भरून ठेवला होता. त्याचं बँकेचं देणं रुपयांत होतं तेवढंच राहिलं आणि माल सहा लाखांनी हलका झाला. माझ्याकडेही किलोभर माल होता, पण माझं देणंही ग्रॅममध्ये होतं. माल उतरला तसं देणंही उतरलं. त्या आठवड्यात स्वस्त झालं म्हणून गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. मी स्वस्त विकत होतो आणि त्याच स्वस्त भावाने बँकेत फिक्स करत होतो.

आता बांगड्या देऊन कर्ज फेडण्याची गोष्ट. आमच्या अण्णांना ही रुपयांतली फेड कधीच पटली नाही. "सोनं घेतलं, सोनं देतो, मध्ये डॉलर कशाला?" असं म्हणून 2012 साली ते जुन्या मोडीची आटवलेली एक लगड रुमालात बांधून माझ्यासोबत बँकेत आले. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "काका, हे मला घेता येत नाही." अण्णांना तो अपमान वाटला. पण साहेबांचं बरोबर होतं. बँकेने दिलेल्या बारवर शुद्धी कारखान्याचा शिक्का असतो, नंबर असतो, शुद्धतेचा दाखला असतो, आणि कारखान्यातून तिजोरीपर्यंत तो कोणाच्या हातातून गेला याची नोंद असते. आमच्या लगडीवर अण्णांचा शब्द होता. आमच्या पेठेत तो शब्द चालतो, लंडनला चालत नाही.

2021 च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने एक वाट उघडली. कर्जाचा काही भाग प्रत्यक्ष सोन्यात फेडता येईल, पण एक किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या लॉटमध्ये. कर्ज म्हणून दिलेलं मूळ सोनं देशातच मिळवलेलं किंवा सुवर्ण मुद्रीकरण योजनेत लोकांनी ठेवलेलं असायला हवं. बाहेरून आणलेल्या सोन्याच्या कर्जाला ही सोय नाही. परत येणारा बारही देशातूनच घेतलेला आणि भारतीय किंवा लंडनच्या मानकाचा हवा. आणि तो शुद्धी कारखान्याने किंवा बँकेला मान्य असलेल्या मध्यवर्ती संस्थेने थेट बँकेला द्यायचा, कर्जदाराचा हात त्याला लागता कामा नये. करारात हे आधी लिहिलेलं असावं लागतं, आयत्या वेळी आठवून चालत नाही.

मी हे एकदाच केलं आहे. आमच्याकडे दुकानदारांकडून मोड बरीच येते, म्हणजे गिऱ्हाइकांनी बदलून दिलेले जुने दागिने. 995 च्या किलोभर बारसाठी 995 ग्रॅम निव्वळ सोनं लागतं. 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्के, तर हिशेबाने 1,086 ग्रॅम मोड पुरावी. मी थोडी सैल सोडून 1,100 ग्रॅम पाठवली. दुकानातल्या मशीनवर प्रत्येक नग तपासला होता, बहुतेक 91-92 दाखवत होते. कारखान्याने आटवून, नमुना काढून, आगीच्या चाचणीने टंच काढला तो 88 टक्के. निव्वळ सोनं निघालं 968 ग्रॅम. 27 ग्रॅम कमी. बार पुरा होण्यासाठी तेवढं सोनं त्या दिवशी बाजारभावाने विकत घेऊन कारखान्याला द्यावं लागलं.

कुठे गेलं ते? कुठेच नाही, ते नव्हतंच. दुकानातलं मशीन किरण टाकून दागिन्याचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. जुन्या दागिन्यांच्या सांध्यांत डाख भरपूर असतो, पोकळ मण्यांत लाख असते, आणि वरून मुलामा दिलेला असला तर मशीन खुशाल 92 म्हणतं. खरा टंच आटवल्यावर कळतो. आता मी मोड आली की तिची लहान लगड करतो, तिला बारीक छिद्र पाडून आतला कीस चाचणीला पाठवतो आणि त्याच आकड्यावर दुकानदाराला हिशेब देतो. दोन-तीन दुकानदार यावरून नाराज झाले. एक तोडून गेला.

अण्णा त्या वेळी अंथरुणाला होते. बँकेची पावती आली, तिच्यावर रुपयाचा आकडा नव्हता. एक बार, 995, वजन 1000 ग्रॅम, जमा, एवढंच. त्यांनी चष्मा मागवला, पावती दोनदा वाचली आणि विचारलं, "घट कोणी दिली?" मी म्हटलं, "आपण."

मागून कोणीतरी विचारलं आहे, की आता भाव लाखावर गेल्यावर हे कर्ज परवडतं का. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयातकराच्या धास्तीने सोनं लंडनहून न्यूयॉर्कला जाऊ लागलं, उसनं द्यायला सोनंच कमी पडलं आणि त्याचं भाडं एकदम चढलं. तेव्हा काही आठवडे माझं मेटल लोन जवळजवळ कॅश क्रेडिटच्या भावाला जाऊन टेकलं होतं. शिवाय भाव चढता असला की मार्जिनचे फोन वहीच्या दोन्ही बाजू जुळत असतानाही येतात. कपाटातले दागिने महाग झाले, हे खरं. पण बँक ते दागिने मार्जिन म्हणून घेत नाही, तिला रोख लागते. म्हणून मी आता मंजुरीच्या निम्म्याहून जास्त सोनं एका वेळी उचलत नाही, आणि भाव दहा टक्के चढला तर लागेल एवढी ठेव आधीच मोकळी ठेवतो. 2011 साली ही ठेव मुलीची होती.

तिसऱ्या रांगेतल्या दोघांचे पैसे मी त्याच दिवाळीला परत केले, रुपयांतच. व्याज दोघांनीही घेतलं नाही, म्हणून प्रत्येकाला एकेक ग्रॅमचं नाणं दिलं होतं. काल एकाने सांगितलं, की त्याने ते अजून मोडलेलं नाही आणि आज ते किती रुपयांचं झालं ते मला रोज फोन करून सांगायचा त्याचा विचार आहे.